शिकाऊ उमेदवार, ट्रेनी, इंटर्न, फेलो: पत्रावरच्या शब्दाने पगार आणि हक्क कसे बदलतात

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै 2024 मध्ये जाहीर झाली. लोकांनी तिला लगेच 'लाडका भाऊ' म्हणायला सुरुवात केली. बारावी पास तरुणाला महिना 6,000 रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्याला 8,000, पदवीधराला 10,000 आणि मुदत सहा महिने. ग्रामपंचायती, शाळा, सरकारी कचेऱ्या, खासगी कंपन्या अशा सगळ्या ठिकाणी ही मुलं रुजू झाली. सहा महिने संपत आले तेव्हा आंदोलनं झाली, मुदत वाढून अकरा महिने झाली आणि तीही संपल्यावर मागणी पुढे आली ती कायम करण्याची.

मागणीमागचा प्रश्न साधा आहे. रोज वेळेवर गेलो, हजेरी लावली, साहेबांनी सांगितलेलं काम केलं, दर महिन्याला पैसे आले. मग आम्ही कर्मचारी का नाही? याचं उत्तर नेमणूकपत्रावरच्या 'प्रशिक्षणार्थी' या शब्दात आहे. हीच गाठ चाकणच्या कारखान्यातल्या अप्रेंटिसला पडते, पुण्याच्या आयटी कंपनीतल्या इंटर्नला पडते आणि विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्यालाही पडते. चौघं एकाच इमारतीत, एकाच वेळेत, जवळपास तेच काम करत असतील, तरी कायदा चौघांकडे चार नजरांनी पाहतो.

काम तेच, हक्क वेगळे, असं कसं?

मुंबईतल्या एखाद्या जुन्या चाळीचं उदाहरण घ्या. एका खोलीत पागडीवर राहणारं कुटुंब आहे आणि शेजारच्या खोलीत अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर आलेलं. दोघंही महिन्याला मालकाला पैसे देतात, दोघांच्याही घरी चूल पेटते. पण मालकाने उद्या खोली रिकामी करा म्हटलं तर पागडीवाल्याच्या मागे भाडेनियंत्रणाचा कायदा उभा राहतो, लायसन्सवाल्याला मुदत संपली की सामान बांधावं लागतं. फरक राहण्यात नाही, कागदात आहे. आणि तरीही, मालकाने कागदावर काहीही लिहिलं तरी वाद कोर्टात गेला की कोर्ट कागदाबरोबर प्रत्यक्ष परिस्थितीही पाहतं.

कामाच्या जागी नेमकं हेच घडतं. कामगार कायद्यांचं संरक्षण, म्हणजे किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कारण न देता काढून टाकण्याविरुद्ध दाद, हे सगळं 'कर्मचारी' किंवा 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला मिळतं. शिकायला आलेला माणूस या व्याख्येत बसतो की नाही, हा सगळ्या वादाचा गाभा आहे.

आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे, जी बहुतेक मुलांना ठाऊक नसते. या चार शब्दांपैकी ज्या एकाला संसदेचा स्वतंत्र कायदा आहे, तोच माणूस कामगार कायद्याच्या बाहेर अगदी स्पष्ट शब्दांत ठेवलेला आहे. आणि ज्याला असा स्वतःचा कायदा नाही, तो 'ट्रेनी' अनेकदा कायद्याच्या नजरेत कामगार निघतो.

शिकाऊ उमेदवार: स्वतःचा कायदा असलेला एकटाच

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, हा शब्द कंपनीने मनाला येईल तसा वापरायचा नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 नुसार त्याचा आणि आस्थापनेचा लेखी करार व्हावा लागतो आणि त्या कराराची नोंद शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याकडे, आता पोर्टलवर, व्हावी लागते. आयटीआय झालेल्यांसाठी आणि दहावी-बारावीवाल्यांसाठी apprenticeshipindia.gov.in, तर पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी प्रामुख्याने nats.education.gov.in. कंपनी पोर्टलवर करार तयार करते, उमेदवार स्वतःच्या लॉगइनमधून तो स्वीकारतो आणि त्याला एक करार क्रमांक मिळतो. कारखान्यांत जुने लोक अशा मुलांना 'ॲक्ट अप्रेंटिस' म्हणतात, आणि तो शब्द अगदी अचूक आहे.

त्याला मिळतं ते वेतन नाही, विद्यावेतन. त्याची किमान पातळी नियमांनी ठरलेली असते. 2019 च्या दुरुस्तीत ती शिक्षणानुसार 5,000 ते 9,000 अशी ठरली: आयटीआय झालेल्याला 7,000, डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 9,000. दुसऱ्या वर्षी त्यात 10 टक्के वाढ. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात 36 टक्के वाढ करून पट्टा 6,800 ते 12,300 करावा अशी शिफारस केली. हे किमान आकडे आहेत. कंपनी जास्त देऊ शकते आणि पुण्याच्या पट्ट्यातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या देतात. यातला काही वाटा सरकार उचलतं: डिप्लोमा आणि पदवीवाल्यांच्या बाबतीत किमान विद्यावेतनाचा निम्मा, बाकीच्यांच्या बाबतीत एक चतुर्थांश, महिना 1,500 च्या मर्यादेत.

आता कलम 18. त्यात म्हटलं आहे की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होणार नाहीत. एवढ्या एका ओळीने किमान वेतन गेलं, पीएफ गेला, ग्रॅच्युइटी गेली, बोनस गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये उत्तर प्रदेश राज्य वीज मंडळ विरुद्ध शिवमोहन सिंग या खटल्यात हीच भूमिका घेतली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांतही 1961 च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसला 'कामगार' आणि 'कर्मचारी' या व्याख्यांमधून नाव घेऊन वगळलं आहे.

हे वाचून वाटेल की अप्रेंटिसला काहीच संरक्षण नाही. तसं नाही. कामगार कायद्याची छत्री काढून घेताना याच कायद्याने त्याच्या हातात दुसरी, लहान छत्री दिली आहे. कारखान्यातल्या सुरक्षेच्या, आरोग्याच्या आणि सोयींच्या तरतुदी त्याला कामगारासारख्याच लागू आहेत, त्यामुळे हेल्मेट, गॉगल, मशीनचं गार्ड, पिण्याचं पाणी यात त्याला दुय्यम वागणूक देता येत नाही. कलम 16 प्रमाणे प्रशिक्षणाच्या ओघात अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकाची. सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही, आणि परवानगीही ओव्हरटाइम प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताचा असेल तरच. नगावर, म्हणजे पीस रेटवर, पैसे देता येत नाहीत. आणि प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला त्याला जुंपणं हा गुन्हा आहे.

ही शेवटची तरतूद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारीही तीच. फिटर ट्रेडच्या मुलाला वर्षभर पॅकिंग लाइनवर बॉक्स चिकटवायला उभं करणं, इलेक्ट्रिशियनच्या मुलाला स्टोअरमध्ये माल उतरवायला लावणं, हे 'सगळं शिकायला पाहिजे बाबा' या नावाखाली खपवलं जातं. कायद्याने ते चालत नाही. अडचण अशी, की यासाठीचा दंड प्रत्येक वेळेला जास्तीत जास्त 1,000 रुपये आहे. 2014 च्या दुरुस्तीत तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली गेली, आणि एवढ्या दंडाची कुठल्या मोठ्या कंपनीला भीती वाटणार?

मग वर्ष संपलं की नोकरी मिळते का?

शिकाऊ उमेदवारीनंतर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही, हे कलम 22 मध्ये स्पष्ट आहे. आधीच्या करारात तसं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. 2014 पासून प्रत्येक कंपनीने अप्रेंटिसच्या भरतीबद्दल स्वतःचं धोरण ठरवणं अपेक्षित आहे, पण धोरण म्हणजे हमी नव्हे.

तरी हे प्रमाणपत्र निरुपयोगी नाही. उत्तर प्रदेश एसटीच्या अप्रेंटिसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटलं, की बाकी सगळं समान असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. रेल्वेत लेव्हल 1 च्या थेट भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतून शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी ठेवलेल्या असतात. म्हणून वर्षअखेरीची ट्रेड टेस्ट चुकवू नये. टेस्ट नाही तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र नाही, आणि ते नसेल तर कंपनीने दिलेल्या साध्या अनुभवपत्राला अशा भरतीत किंमत नाही.

ट्रेनी: नावात प्रशिक्षण, प्रत्यक्षात काय ते पाहावं लागतं

ट्रेनी या शब्दामागे तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो.

पहिला प्रकार मोठ्या कंपन्यांचा 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी' किंवा बँकेतला 'मॅनेजमेंट ट्रेनी'. हा बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून कर्मचारीच असतो. त्याला वेतनपट्टीवर पगार असतो, पीएफ कापला जातो, वर्षानंतर 'कन्फर्मेशन' होतं. याचं नातं प्रोबेशनशी आहे आणि यात चिंता करण्यासारखं फारसं नाही.

दुसरा प्रकार सरकारी योजनांचा. वरची युवा कार्य प्रशिक्षण योजना त्यातलीच. इथे पैसे सरकार देतं, मुदत ठरलेली असते आणि किमान वेतन, पीएफ, कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय वगैरे कायदे लागू नाहीत असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. कायम करण्याची मागणी इथे दोन ठिकाणी अडते. एक तर ही नेमणूक मंजूर पदावर झालेली नसते. दुसरं म्हणजे 2006 च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी पदावर रीतसर जाहिरात आणि स्पर्धा यांशिवाय आलेल्याला केवळ काही काळ काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. आंदोलन करणाऱ्या मुलांचं दुःख खरं आहे. रिकाम्या पदाचं काम त्यांच्याकडून करून घेतलं गेलं असेल तर दोष धोरणाचा आहे. पण कोर्टाची वाट अवघड आहे, हे त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

तिसरा प्रकार लहान-मध्यम कारखान्यांचा, आणि खरी लढाई इथे आहे. पत्रावर 'ट्रेनी' लिहिलेलं असतं, रक्कम 'स्टायपेंड' म्हणून दिली जाते, पण मुलगा तीन पाळ्यांत मशीन चालवतो, त्याला प्रॉडक्शनचं टार्गेट असतं, शिकवणारा कुणी नसतो. पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या एमआयडीसीत याचं एक मोठं रूप काही वर्षं 'नीम ट्रेनी' या नावाने दिसत होतं. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2013 मध्ये ही योजना आणली. त्यात मधल्या संस्थेमार्फत तरुण घ्यायचे, त्यांना अकुशल कामगाराच्या किमान वेतनाएवढी एकरकमी रक्कम द्यायची आणि कामगाराचे बाकी हक्क द्यायचे नाहीत. असेंब्ली लाइन्स या मुलांवर चालल्या. कामगार संघटनांनी आरडाओरडा केला आणि शेवटी एआयसीटीईने ती योजना बंद केली. योजना गेली, पद्धत मात्र गेली नाही. आता तोच मुलगा नुसता 'ट्रेनी' असतो.

पत्रावर ट्रेनी लिहिलं म्हणजे सही करणारा अडकला ना?

ही सर्वांत मोठी शंका, आणि तिचं उत्तर आपल्या नाशिकनेच दिलं आहे. त्र्यंबक रबर इंडस्ट्रीज विरुद्ध नाशिक वर्कर्स युनियन हा खटला 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. कंपनीचं म्हणणं होतं की ही माणसं कामगार नाहीत, ट्रेनी आहेत. पण कंपनीच्याच साक्षीदाराने कबूल केलं की उत्पादनाच्या कामावर या ट्रेनींशिवाय दुसरे कामगार नव्हतेच. मग कारखाना चालवत कोण होतं? नियमित कामगारच नसलेला कारखाना ट्रेनींच्या जिवावर चालतो हे न्यायालयाला पटण्यासारखं नव्हतं, आणि त्या सगळ्यांना कामगार मानलं गेलं.

या निकालातून कळतं की कोर्ट नेमकं काय तपासतं. लेखी प्रशिक्षण कार्यक्रम आहे का? शिकवणारा कोण, परीक्षा कधी, शिकून काय यायला हवं हे कुठे लिहिलं आहे का? ट्रेनींच्या संख्येच्या तुलनेत कायम कामगार किती? आणि मुदत पुन्हापुन्हा वाढवली जाते का? दोन वर्षांचा ट्रेनी तिसऱ्या वर्षीही तेच ड्रिल मशीन चालवत असेल, तर तो दोन महिन्यांत शिकून झालं ते काम उरलेला काळ करत होता, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कायम होण्याचे लाभ टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात, ज्याला कामगार चळवळीत सगळे एमआरटीयू-पीयूएलपी म्हणून ओळखतात, अनुचित कामगार प्रथा मानली आहे.

इथे कामगार संहितांची ती व्याख्या पुन्हा आठवा. तिच्यात नाव घेऊन वगळलं आहे ते 1961 च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसला. 'ट्रेनी' शब्दाला तशी सरसकट सूट नाही. म्हणून पोर्टलवर करार नसलेल्या ट्रेनीची कामगार असल्याची बाजू अप्रेंटिसपेक्षा मजबूत असू शकते.

मर्यादाही सांगायला हवी. प्रशिक्षण खरोखर असेल आणि कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे सेवाशर्तींच्या प्रमाणित नियमावलीत, ट्रेनीची तरतूद असेल, तर गोष्ट उलटू शकते. मंगळूरच्या सुपारी उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये स्थायी आदेशांखालच्या ट्रेनींना जुन्या पीएफ कायद्यातून बाहेर ठेवलं होतं.

दोन पत्रं हातात आली तर

समजा एका मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि तिच्याकडे दोन पत्रं आहेत. एक चाकणच्या मोठ्या कंपनीचं: 'टेक्निशियन अप्रेंटिस', एक वर्ष, महिना 10,000. दुसरं भोसरीच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं: 'डिप्लोमा ट्रेनी', दोन वर्षं, महिना 15,500, खाली एक ओळ, 'व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार मुदत वाढवता येईल'.

घरचे म्हणतील, यात विचार काय करायचा, वर्षाला 66,000 जास्त मिळतायत. पण तिने आधी दुसऱ्या पत्रातला पगार कसा फोडून दिलाय ते पाहावं. पीएफ आणि राज्य विमा दाखवला असेल तर कारखाना तिला कर्मचारी मानतोय, आणि मग ते पत्र खरंच चांगलं आहे. महिना 21,000 पर्यंत वेतन असलेल्याला राज्य विम्याचं संरक्षण मिळतं, त्यात आजारपणातले पैसेही आले. पण 'कन्सॉलिडेटेड स्टायपेंड, कोणतीही कपात नाही' असं असेल तर हातात येणारे 15,500 हेच सगळं काही. मग त्या आकड्याची तुलना अप्रेंटिसच्या 10,000 शी न करता, त्या उद्योगाच्या आणि त्या परिमंडळाच्या किमान वेतनाशी करायची. राज्याचं कामगार आयुक्तालय त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत नव्याने जाहीर करतं. रक्कम त्याच्या आसपास किंवा खाली असेल, तर ती शिकायला नाही, स्वस्तात राबायला चालली आहे.

पहिल्या पत्रात तिने तीन गोष्टी विचाराव्यात. करार पोर्टलवर होणार का, की कंपनी नुसतंच 'अप्रेंटिस' म्हणतेय? नेमणूक कंपनीची की मधल्या एजन्सीची? आणि गेल्या वर्षीच्या अप्रेंटिसपैकी किती जणांना घेतलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एचआर देणार नाही, पण गेटवर चहाच्या टपरीवर ते दहा मिनिटांत मिळतं.

आणि दोन्ही ठिकाणी, मूळ मार्कशीट किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र 'जमा' करून घेत असतील तर ते देऊ नये. मूळ कागद पाहून, झेरॉक्स ठेवून ते त्याच दिवशी परत करायचे असतात.

इंटर्न: कॉलेजच्या बोटाला धरून आलेला

इंटर्नशिप म्हणजे मुळात अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, किंवा शिकता शिकता केलेलं थोड्या काळाचं काम. तिच्यासाठी देशपातळीवर स्वतंत्र कामगार कायदा नाही आणि किमान विद्यावेतनही ठरलेलं नाही. त्यामुळे महिना 40,000 देणारी आयटी कंपनी आणि फुकट राबवून घेणारी वास्तुविशारदाची कचेरी, दोघंही कायद्याच्या चौकटीत बसू शकतात. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट मिळवण्यासाठी इंटर्नशिप किंवा 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं, त्यामुळे हजारो मुलांना कुठेतरी जाणं भाग झालं आणि फुकटच्या हातांची बाजारपेठ वाढली. यूजीसीच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत एक क्रेडिट म्हणजे 30 तास असं गणित आहे. चार क्रेडिटसाठी 120 तास पुरत असताना कंपनी सहा महिने पूर्णवेळ मागत असेल, तर जास्तीचा काळ कुणासाठी, हे कॉलेजच्या समन्वयकालाच विचारावं. इंटर्नचा खरा आधार कंपनी, कॉलेज आणि विद्यार्थी यांच्यातलं त्रिपक्षीय पत्र असतं. त्यात तास, काम, पैसे आणि अपघात विमा या चार गोष्टी लिहून घेतल्या पाहिजेत, कारण विमा लिहिला नाही तर साइटवर पडून हात मोडलेल्या इंटर्नच्या मागे अप्रेंटिससारखं कलम 16 नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना नावाने इंटर्नशिप असली तरी तिची रचना वेगळी आहे. सुरुवातीच्या नियमांत ती बारा महिन्यांची, 21 ते 24 वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरीत नसलेल्यांसाठी. महिना 5,000, त्यातले 4,500 सरकारचे, शिवाय एकदाच 6,000 आणि सरकारी विमा. तिच्यात नोकरीची हमी नाही.

पदवी हातात असलेल्या, कुठल्याच कॉलेजात नसलेल्या मुलाला कंपनी 'इंटर्न' म्हणून वर्षभर पूर्णवेळ ठेवत असेल, तर तो इंटर्न नाही. त्याला नाशिकच्या ट्रेनींची कसोटी लावायची.

फेलो: पगार चांगला, पण नातं वेगळं

फेलोशिप ही साधारणपणे संशोधनासाठी किंवा सार्वजनिक कामासाठी दिलेली वृत्ती. नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवणाऱ्याला 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आणि दोन वर्षांनंतर सीनिअर झाल्यावर 42,000 मिळतात, वर घरभाडं. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये 2025-26 साठी प्रवासखर्च धरून महिना 61,500 ठरले, मुदत एक वर्ष. आकडे कायम नोकरीसारखे दिसतात, पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, सेवाज्येष्ठता नाही. पैसे थांबले तर कामगार न्यायालय दाद घेईल असं गृहीत धरता येत नाही. फेलोशिप देणारी संस्था, विद्यापीठ आणि शेवटी उच्च न्यायालय हाच रस्ता. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना रखडलेल्या पैशांसाठी रस्त्यावर बसावं लागलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणून फेलोशिप घेताना रकमेपेक्षा नियमावली महत्त्वाची. पीएच.डी. करणाऱ्या महिलेला यूजीसीच्या नियमांत पूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा देता येते, ही गोष्ट अनेक मार्गदर्शकांनाही माहीत नसते. सामाजिक संस्थांच्या फेलोशिपमध्ये अशी नियमावली आहे का ते आधी विचारावं. जिथे 'फेलो' रोज दहा तास संस्थेचं नेहमीचं कार्यालयीन काम करतो, तिथे तो शब्दही नावापुरताच असतो.

चौघांनाही लागू होणारं काही आहे का?

आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. त्यात कर्मचारी या व्याख्येत ट्रेनी आणि अप्रेंटिस यांची नावं आहेत, मानधन मिळो वा न मिळो. आणि तक्रार करणारी महिला तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अटही नाही, त्यामुळे इंटर्न आणि फेलो दोघीही त्यात येतात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. 'तू इंटर्न आहेस, समितीच्या कक्षेत येत नाहीस' असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

तक्रार केली तर काढून टाकतील, मग काय करायचं?

भीती खरी आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पुरावा, मग तक्रार. पत्र, बँक खात्याचं विवरण, हजेरीचे किंवा पाळीचे फोटो, टार्गेट आणि ओव्हरटाइमबद्दलचे व्हॉट्सॲप निरोप, हे कंपनीच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या फोनवर असावेत. अप्रेंटिसने रोज काय शिकलो आणि काय काम केलं याची वही ठेवावी. पॅकिंगचे चाळीस दिवस त्या वहीत तारखेसह असले, की सल्लागारापुढे वेगळं भाषण करावं लागत नाही.

मग दार बरोबर निवडायचं. ॲक्ट अप्रेंटिस कामगार न्यायालयात गेला तर कलम 18 दाखवून त्याला परत पाठवलं जाईल. त्याने शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जायचं. आयटीआयवाल्यांना ते राज्याच्या व्यवसाय शिक्षण खात्यामार्फत, आणि पदवी-डिप्लोमावाल्यांना मुंबईत सायनला असलेल्या पश्चिम विभागाच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे भेटतात. कंपनीच्या चुकीने करार मोडला तर भरपाईची तरतूद कायद्यात आहे. नावाचाच ट्रेनी असलेल्याने उलट सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं, आणि तेही शक्यतो एकट्याने नाही. नाशिकच्या खटल्यात समोर एकटा मुलगा उभा नव्हता, युनियन होती. एकाला 'आम्ही तुला शिकवत होतो' हे सांगता येतं. पूर्ण पाळीतल्या तीस जणांना ते सांगायचं असेल, तर कंपनीला प्रशिक्षणाचं वेळापत्रक आणि शिकवणाऱ्याचं नाव दाखवावं लागतं.